चिमूटभर हिरवा

अपर्णाबाईंनी मुलीला पुढे करून जिना चढवला आणि खुर्चीत बसायच्या आधीच सांगून टाकलं, "हिला काहीतरी फिक्कंच दाखवा. पीच, पिस्ता, असलं. गडद घातलं की आणखीच दबते हो ही."

ईशानं पायातल्या चपला काढून भिंतीशी सरळ लावल्या, परत लावल्या. हैदराबादच्या गच्चीबावलीत नोकरी करणारी, मुंबईहून लहानपणीच इकडे आलेली ही मुलगी. लग्न डिसेंबरात होतं आणि स्वागत समारंभाला तिला घागरा-चोळी हवी होती. हिमायतनगरातल्या या पहिल्या मजल्यावरच्या कपड्यांच्या दुकानात ती आली ती नुसत्या ऐकीव गोष्टीवर. तिच्या मैत्रिणीनं सांगितलं होतं, "त्रिवेणीताई सावळ्या मुलींना गोरं करायला जात नाहीत."

ते खरं होतं. त्रिवेणी स्वतः काळी. अंबरपेठेत वाढली, तिचे आजोबा बिदरकडची शेती सोडून निजामाच्या काळातच शहरात आलेले. आई, पद्मावती, तिला जन्मभर फिक्कट गुलाबी नेसवत आली. दाखवायच्या प्रत्येक कार्यक्रमाला तीच फिक्कट गुलाबी साडी, आणि दर वेळी नकार. पुढे कपड्यांच्या डिझाइनचं शिक्षण घेताना एका दुपारी वर्गातल्या मुलीनं सहज म्हणून तिच्या खांद्यावर मोरपंखी रेशमाचा तुकडा टाकला. त्रिवेणीनं आरशात पाहिलं आणि तिला पहिल्यांदा कळलं, की आपल्या चेहऱ्याला हाडं आहेत, डोळ्यांत पांढरं आहे, ओठांना आकार आहे. आई गेली ती हे न बघताच. त्रिवेणीनं लग्न केलं नाही. तिनं रंग केले.

मेधा तिची भागीदार. पुण्याची, नवऱ्याच्या कंपनीमुळे हैदराबादला आलेली, गोरी, चटपटीत, हिशोब आणि गिऱ्हाईक सांभाळणारी. रंगात मात्र तिनं कधी नाक खुपसलं नाही. सुरुवातीला एकदोनदा खुपसलं होतं. एका नवरीसाठी त्रिवेणीनं विटकरी आणि निळा एकत्र काढला तेव्हा मेधा म्हणाली होती, "अगं, हे भांडतंय." कपडा शिवून अंगावर चढला आणि मेधाच म्हणाली, "मी आता बोलणार नाही." आणि बोलली नाही.

त्या दिवशी त्रिवेणीनं ईशाला उत्तरेच्या खिडकीसमोर स्टुलावर बसवलं. दुकानाची जागा तिनं निवडली होती ती या खिडकीसाठी. उत्तरेचा उजेड दिवसभर सारखा राहतो, पिवळा होत नाही. ट्यूबलाइट बंद केली. ईशाला तोंड धुवायला लावलं, केस मागे बांधले, अंगावरच्या लाल कुडत्यावर खांद्यापासून पांढरी चादर घातली. मग हनुवटीखाली एकेक कापड धरायला सुरुवात केली.

"कापडाकडे बघू नका," ती अपर्णाबाईंना म्हणाली. "पोरीच्या डोळ्यांखाली बघा."

आधी पीच. ईशाच्या डोळ्यांखालची वर्तुळं ठळक झाली, गालांवर राखेसारखी छटा आली. मग खाकी. चेहरा आणि कापड एकमेकांत मिसळून गेले, कुठे संपतं ते कळेना. मग शुभ्र पांढरं. चेहरा एकदम रेखीव झाला. मग जांभळा, निळा, पाचूसारखा हिरवा. शेवटी डाळिंबी: निळसर झाक असलेला, दाण्यांसारखा लाल. तो हनुवटीखाली आला आणि डोळ्यांखालची वर्तुळं जणू कुणी पुसून टाकली. ईशानं आरशात पाहिलं आणि मान थोडी वर केली.

"हे काय झालं?" अपर्णाबाई पुढे झुकल्या.

"हिच्या कातडीच्या खाली निळी झाक आहे," त्रिवेणीनं सांगितलं. "रंग शेजाऱ्याला आपल्या उलट बाजूला ढकलतो बघा. पीचमध्ये नारिंगी आहे, नारिंगीच्या समोर निळा. म्हणून पीच तिची निळी झाक आणखी वर काढतं, चेहरा राखाडी होतो. वर त्यात कस नाही, धुतल्यासारखं. पांढरं निदान स्पष्ट विरोध करतं. आणि हिच्या कातडीइतकाच गडद, मळकट तपकिरी दिला की संपलंच, पोरगी दिसायचीच नाही. गडदपणाला घाबरू नका. मळकटपणाला घाबरा."

"पण सासरचे म्हणतील..."

"काय म्हणायचंय ते म्हणू द्या की. मी हिला लपवणार नाही."

ईशानं तेव्हा तोंड उघडलं. "लहानपणापासून मला एकही लाल कपडा घेतला नाही यांनी. हा कुडता मी काल घेतला. लपवून."

अपर्णाबाई वाईट नव्हत्या. त्यांनी पर्स उघडली, मिटली आणि म्हणाल्या, "मला काय कळतंय त्यातलं. तिला बघवेल असं करा."

त्रिवेणीनं त्याच बैठकीत आराखडा काढला. अंगभर डाळिंबी. त्याच्या समोरचा रंग हिरवा. पण तो फक्त गळ्याच्या आणि बाहीच्या बारीक पट्टीत, बांगड्यांत. समोरासमोरचे दोन रंग सारख्या मापानं आणि पुऱ्या तेजानं आले तर कडेला डोळा थरथरतो. एक राजा हवा, दुसरा प्रधान. जरीकाम जुन्या सोन्यासारखं, चमक मारणारं नव्हे. हळदीला वेगळं, शेजारचे रंग: जांभळा, निळा, मोरपंखी, एका घरात राहणारे, आवाज न चढवणारे. ईशा प्रत्येक तुकडा हातात घेऊन बघत होती. जाताना ती चपला घालायला विसरून दोन पायऱ्या उतरली आणि हसत परत आली.

ही भाद्रपदातली गोष्ट. तेव्हा त्रिवेणीच्या टीबीच्या औषधांना तीन महिने होत आले होते.

ती गोष्ट मेधाला आणि हिम्मतरावांना, म्हणजे तिच्या वडिलांना, एवढ्यांनाच ठाऊक होती. उन्हाळ्यात खोकला सुरू झाला, वजन उतरलं, संध्याकाळी ताप. तपासणीत फुफ्फुसाचा टीबी निघाला. सुरुवातीचे काही आठवडे ती घरी राहिली. मेधानं गिऱ्हाइकांना "टायफॉइड झालाय" म्हणून सांगितलं. नवरीच्या कपड्यांना हात लावणाऱ्या बाईला टीबी, हे कुणी ऐकून घेतलं नसतं. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी गोळ्या देताना नीट समजावलं होतं: लघवी नारिंगी होईल, घाबरू नका, उलट्या झाल्या तर या, आणि नजर अंधुक झाली किंवा लाल-हिरव्यातला फरक कळेनासा झाला, तर एक दिवसही न थांबता या, त्यातली एक गोळी क्वचित डोळ्यांच्या नसेवर जाते. त्रिवेणीला ते ऐकून हसू आलं होतं. लाल-हिरव्यातला फरक! तोच तर आपला धंदा.

खोकला थांबला. वजन भरू लागलं. हिम्मतराव रोज सकाळी नाश्त्याच्या आधी गोळ्या काढून तिच्या हातावर ठेवायचे आणि ती गिळेपर्यंत समोर उभे राहायचे, लहानपणी एरंडेल पाजताना राहायचे तसे. "पूर्ण कर बाई कोर्स," ते म्हणायचे. "मधेच सोडलं की पलटून येतो म्हणतात."

डाळिंबी रेशीम रंगवायचं काम यूसुफभाईंकडे गेलं. जुन्या शहरात त्यांचं रंगाचं अंगण होतं. मोठ्या पातेल्यांतून वाफ निघायची आणि दोरीवर ओल्या कापडाच्या रांगा. त्रिवेणी नवी होती तेव्हापासून ती त्यांच्याकडेच रंगवून घेत आलेली. पहिला नमुना निघाला, वाळला, इस्त्री झाला. ओलं कापड नेहमी गडद दिसतं, म्हणून वाळल्याखेरीज ती कधी मत देत नसे. रंग फार तेज होता. ईशाचा चेहरा लहान, नाजूक. इतक्या धगधगीत लालात लोक घागरा बघतील, मुलगी नाही. तो थोडा खाली बसवायला हवा होता. लालाचं तेज मारायचं तर काळा घालत नाहीत, काळ्यानं रंग मरतो. समोरचा रंग घालतात.

"यूसुफभाई, चिमूटभर हिरवा सोडा यात."

त्यांनी सोडला. दुसऱ्या दिवशी नमुना आला. त्रिवेणीनं तो खिडकीत धरला. काही फरक दिसेना. "अजून थोडा," ती म्हणाली.

पुन्हा नमुना आला. पुन्हा तिला तोच रंग दिसला. कदाचित आभाळ आहे, तिला वाटलं. कदाचित डोळे थकलेत, आजारपणाचं.

"और हरा डालूं क्या मैडम?" यूसुफभाईंनी फोनवर जरा थांबून विचारलं. "काफी बैठ गया है रंग."

"हौ, डालो. थोडासा."

ती जे करत होती ते तिला शिकवता आलं असतं. लालात हिरवा थेंबाथेंबानं घातला तर आधी लाल नरम होतो, मग मातकट होतो, मग तपकिरी. लाल आणि हिरवा एकमेकांना खातात. हे ती झोपेतसुद्धा सांगू शकली असती. पण सांगणं वेगळं आणि दिसणं वेगळं. चौथ्या नमुन्याला तिला वाटलं, आता बसला. तिनं होकार दिला आणि सगळं रेशीम पातेल्यात गेलं.

यूसुफभाईंनी ते कापड वाळत घातलं आणि बराच वेळ बघत राहिले, असं त्यांनी नंतर सांगितलं. त्यांना ते विचित्र वाटलं होतं. पण या बाईनं आजवर जे जे विचित्र मागितलं ते ते अंगावर चढल्यावर खरं ठरलं होतं. मेधानं गठ्ठा उघडला तेव्हा तीही क्षणभर थबकली. मग तिला विटकरी-निळ्याची आठवण झाली आणि तिनं गठ्ठा कापायला पाठवला.

दसऱ्याच्या सुमाराला त्रिवेणीला कळू लागलं होतं. कळू लागलं होतं आणि तिनं कळू दिलं नाही. अंबरपेठच्या बाजारात झेंडूची तोरणं टांगलेली होती. आंब्याची पानं कुठली आणि फुलं कुठली ते तिला आकारावरून ओळखावं लागलं. रंग सगळा धूळ बसल्यासारखा. एकदा तिनं टोमॅटो आणले. हिम्मतरावांनी पिशवी उपडी केली.

"अगं, हे समदे कच्चे आणलीस काय की!"

"चटणीला आणलेत बाबा. कच्च्याचीच करायची आज."

तिनं चटणी केली. हिम्मतरावांनी आवडीनं खाल्ली. ती ताटाकडे बघत बसली; ताटातलं काय कुठलं ते तिला चवीनं कळत होतं.

तेव्हाच दवाखान्यात जायला हवं होतं. एक दिवसही न थांबता, असं डॉक्टर म्हणाले होते आणि ते शब्द तिला रोज ऐकू यायचे. पण गेलं की त्याला नाव पडणार. नाव पडलं की खरं होणार. आणि ईशाचं काम अर्ध्यावर होतं; एवढं हातावेगळं करू, मग जाऊ. ती स्वतःची परीक्षा घ्यायची. दुकानात एकटी असली की रंगांचे तुकडे काढायची आणि ओळीनं लावायची, लालापासून नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा. ज्या तुकड्यांच्या मागे नावं लिहिलेली होती ते ती उलटून बघायची. निळे-पिवळे बरोबर यायचे. लाल-हिरवे चुकायचे. मग ती तुकडे गोळा करून ठेवायची आणि म्हणायची, उद्या उजेड बरा असेल.

उजेड बराच होता. उत्तरेची खिडकी तशीच होती.

नोव्हेंबरात ईशा पहिल्यांदा अंगावर घालून बघायला आली. अपर्णाबाई सोबत होत्या. ईशा पडद्यामागे गेली आणि खूप वेळ बाहेर आली नाही.

"बसत नाही का?" त्रिवेणीनं विचारलं.

"बसतंय," आतून आवाज आला.

ती बाहेर आली. शिवण चोख होती, कंबर बरोबर, घेर सुरेख पडत होता. त्रिवेणीनं समाधानानं पाहिलं. ईशा आरशासमोर उभी राहिली. अपर्णाबाईंनी तोंडावर हात ठेवला, मग काढला.

"मी म्हटलं नव्हतं?" त्या हळूच म्हणाल्या. त्यांच्या आवाजात विजय नव्हता. त्यांनाही रडू येत होतं. "म्हणून म्हणत होते, पीच घ्या."

ईशा त्रिवेणीकडे वळली. "ताई, तुम्ही म्हणाला होतात, मला लपवणार नाही."

"लपवलं कुठं? हा तर तुझा..." त्रिवेणी थांबली. मुलीचे डोळे भरले होते. चेहरा, गळा, चोळी, सगळं तिला एकाच गडदपणाचं दिसत होतं, मध्ये एकही कड नव्हती. गडद-उजळ तिला अजून नीट दिसायचं. आणि जे दिसत होतं ते असं असायला नको होतं. डाळिंबीच्या तेजानं चेहरा वेगळा निघायला हवा होता.

"मेधा," ती म्हणाली. "हा कुठला रंग आहे?"

"काय?"

"या घागऱ्याचा. कुठला रंग आहे?"

"थट्टा करू नकोस गं."

"सांग तू मला."

मेधानं एकदा ईशाकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. "चॉकलेटी," ती म्हणाली. मग आवाज खाली आणून, "मातीसारखा. मला वाटलं, तुला तसाच हवाय."

ईशानं घागरा उतरवला, घडी न करता स्टुलावर ठेवला आणि आपले कपडे घालून जिना उतरून गेली. अपर्णाबाई मागोमाग गेल्या. त्यांनी भांडण केलं नाही, आवाज चढवला नाही. तसं केलं असतं तर बरं झालं असतं.

मेधा गाडी काढून तिला त्याच दिवशी डोळ्यांच्या दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरीणबाईंनी तिच्यासमोर एक पुस्तक उघडलं. पानापानावर रंगीत ठिपक्यांची वर्तुळं होती; ठिपक्यांत आकडे लपलेले असतात आणि ज्याला रंग दिसतात त्याला ते वाचता येतात.

"काय दिसतं?"

"ठिपके."

पान उलटलं. "इथे?"

"ठिपके."

पानं उलटत गेली. एका पानावर आकडा दिसला. ते पान, बाई म्हणाल्या, कुणालाही वाचता येतं. मग अक्षरांचा तक्ता झाला, डोळ्यांत थेंब झाले. गोळी बंद करायची, क्षयाच्या डॉक्टरांशी आपण बोलू, ते बदलून देतील, असं त्यांनी सांगितलं. मग विचारलं, "केव्हापासून वाटतंय असं?"

"दसऱ्याच्या आधीपासून."

"अहो, मग तेव्हाच यायचं."

त्रिवेणीनं मान हलवली.

"येईल ना परत?" मेधानं विचारलं.

"नजर थोडी सुधारते बऱ्याच जणांची, महिने लागतात. रंगांचं..." बाईंनी पेन खाली ठेवलं. "लवकर थांबवलं की जास्त शक्यता असते. आता वाट बघू."

घागरा परत डाळिंबी होणं शक्य नव्हतं. यूसुफभाईंना बोलावलं. त्यांनी कापड बोटांत फिरवलं आणि मान हलवली. तपकिरीतून तेज बाहेर काढता येत नाही. रंग उतरवायला गेलं तर रेशीम कुजतं, वर दुसरा चढवला तर आणखी मळकट होतं. नवं कापड रंगवून, जरीकाम करून शिवायला वेळ उरला नव्हता. "मैडम, मुझे पूछना था," ते पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. "मैं बोला भी, काफी बैठ गया. मैं और जोर से बोलना था."

"तुम बोले यूसुफभाई," त्रिवेणी म्हणाली. "मैं सुनी नहीं."

मेधाला ईशाला सगळं सांगायचं होतं. त्रिवेणीनं सांगू दिलं नाही. टीबीचं सांगावं लागेल, डोळ्यांचं सांगावं लागेल, आणि मग दुकानाची पायरी कोण चढेल? असं ती म्हणाली. मेधाला वाटलं, धंद्याची काळजी आहे. खरी गोष्ट अशी होती, की 'तिला रंग दिसत नाहीत' हे वाक्य दुसऱ्याच्या तोंडून ऐकण्याची ताकद त्रिवेणीत नव्हती. ईशानं समजून घेतलं असतं, हेच तिला सोसणार नव्हतं.

हिम्मतरावांना मात्र सांगावं लागलं. ते ऐकत बसले. मग उठले, गोळ्यांची पाकिटं ठेवायचे तो डबा फळीवरून काढला आणि हातात धरून उभे राहिले. "मीच देत होतो की गं," ते म्हणाले. "रोज माझ्या हातानं दिलो."

"बाबा, त्या गोळ्यांनीच मी जगले."

"हौ," ते म्हणाले. पण डबा त्यांनी खाली ठेवला नाही. त्यानंतर नव्या गोळ्या ती स्वतः घ्यायची. ते त्या वेळी अंगणात निघून जायचे.

हिवाळ्यात तिनं काम करून बघितलं. मेधानंच सुचवलं, हार मानू नकोस, तुला सगळं येतं. तुकड्यांना नावांच्या चिठ्ठ्या लावल्या. त्रिवेणी त्या वाचून आराखडे काढी, आणि आराखडे बरोबर असायचे. रंगचक्र तिच्या डोक्यात जसंच्या तसं होतं. कुणाच्या समोर कोण, कुणाच्या शेजारी कोण, किती मापानं. गडद-उजळाची पायरी तर ती अजून बघून लावायची. काही दिवस दोघींना वाटलं, जमतंय.

मग एक गिऱ्हाईक आलं. गव्हाळ वर्णाची, चाळिशीची बाई, मुलाच्या मुंजीसाठी साडीवरचं ब्लाउज हवं होतं. त्रिवेणीनं तिला खिडकीसमोर बसवलं, पांढरी चादर घातली, हनुवटीखाली कापड धरलं आणि वाट बघू लागली. चेहऱ्यात नेहमी काहीतरी व्हायचं: गालावर रक्त यायचं किंवा जायचं, पिवळेपणा वर यायचा किंवा बसायचा. त्या बाईच्या कातडीखाली पिवळं आहे की गुलाबी, हे एवढं कळलं असतं तर पुढचं सगळं तिला पाठ होतं. तिनं दुसरं कापड धरलं. तिसरं धरलं. समोर एक मातीचा चेहरा होता, खाली कधी उजळ माती, कधी गडद. माणसाच्या कातडीवर चिठ्ठी लावलेली नसते.

"कुठला छान दिसतोय?" बाईनं उत्सुकतेनं विचारलं.

"मेधा सांगेल तुम्हाला," त्रिवेणी म्हणाली आणि मागच्या खोलीत गेली. तिथे कापडाच्या ताग्यांना टेकून ती उभी राहिली, आणि बाहेर मेधा त्या बाईला जे सांगत होती ते ऐकत राहिली. मेधा चुकीचं सांगत होती. चुकीचं आहे हे आवाजावरून कळत होतं; बरोबर काय ते मात्र त्रिवेणीलाही सांगता आलं नसतं.

संक्रांतीनंतर ईशा आली, एकटीच. यूसुफभाईंनी तिला सांगितलं होतं. कुठून तरी तिचा नंबर मिळवून, त्रिवेणीला न विचारता, "बेटी, मैडम की गलती नहीं" असं ते फोनवर म्हणाले होते. ईशा समोर बसली. तिच्या हातात हिरवा चुडा असावा. त्रिवेणीला तो फक्त चकाकताना दिसला.

"तुम्ही मला सांगायला हवं होतं ताई."

"हो."

"मी दोन महिने समजत होते, तुम्हीपण बाकी सगळ्यांसारख्याच. मला बघून तुम्हालासुद्धा मातीच सुचली."

ईशानं फोन काढला आणि समारंभाचे फोटो त्रिवेणीच्या हातात दिले. पीच रंगाची साडी आहे, ती म्हणाली, आईनं आणली, मेकअपवालीनं त्यावर जुळवलं. त्रिवेणीनं फोटो डोळ्यांजवळ नेला. बारीक तपशील आता तिला अंधुकच दिसायचे. पीच तिला दिसलं नाही. तिला दिसला तो उजेड आणि अंधार: साडी फिकी, आणि चेहराही फिका, जवळजवळ साडीइतकाच. रंगाचा जाड थर देऊन मुलीला उजळ केलं होतं. हनुवटीखाली मात्र थर संपला होता. हार घालायला उचललेले दोन्ही हात गडद होते, कोपरापर्यंत, दुसऱ्या कुणाचे असावेत तसे.

"छान दिसतेय ना?" ईशानं विचारलं. तिच्या आवाजात खरा प्रश्न होता.

इतकी वर्षं या प्रश्नाला त्रिवेणीनं खोटं उत्तर दिलं नव्हतं. "छान दिसतेस," ती म्हणाली.

ईशानं फोन घेतला, तिच्या हातावर क्षणभर हात ठेवला आणि गेली. तिनं क्षमा केली होती, त्यात शंका नाही. जिन्यावरची तिची पावलं त्रिवेणीनं शेवटपर्यंत ऐकली. मग तिनं खिडकीला पडदा लावला आणि मेधाला सांगितलं, नवं काम माझ्या नावावर घेऊ नकोस.

टीबी बरा झाला. शेवटच्या तपासणीत सगळं स्वच्छ निघालं. डॉक्टरांनी अभिनंदन केलं. नजरही थोडी परतली, मोठी अक्षरं वाचता येऊ लागली. ठिपक्यांचं पुस्तक पुन्हा एकदा उघडलं गेलं, मग पुन्हा एकदा, दर खेपेला बाई जरा लवकर मिटायच्या. मेधानं काही महिने दुकान ओढलं आणि मग दुसऱ्या डिझायनरला घेतलं, चुणचुणीत मुलगी, सगळ्यांना पीच देणारी. धंदा बरा चालतो.

त्रिवेणी आता दिलसुखनगरला शाळांचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात माप आणि बेतणी बघते. तिथे रंग शाळा ठरवतात. ताग्यावर कंपनीचा क्रमांक छापलेला असतो, मालक क्रमांक वाचतो, ती कापते. गोरी, गव्हाळ, काळी, सगळ्या पोरींना एकच कापड, आणि कुणी विचारत नाही की शोभतं का. काम चोख असतं तिचं. जेवायच्या सुट्टीत बाकीच्या बायका एकमेकींच्या साड्यांबद्दल बोलतात, हा रंग कुठून आणलास, तुला खुलतो, मला नाही खुलत. ती डबा खात बसते. एखादीनं तिलाच विचारलं, "त्रिवेणीताई, तुम्हाला काय वाटतं?" तर ती म्हणते, "मला रंगातलं काही कळत नाही बाई," आणि पाण्याचा घोट घेऊन मशीनकडे वळते.